वाढीव पैसा नको, वाढीव वेळ हवा

जानेवारी उजाडला की अनेक स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांत एकच विषय निघतो. अनुदानाची मुदत ३१ मार्चला संपते आहे, काम पुरं झालेलं नाही आणि खात्यात पैसे शिल्लक आहेत. अशा वेळी तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे उरलेले पैसे मार्चअखेर कसेबसे खर्ची टाकणं. दुसरी म्हणजे कुणाला काही न सांगता एप्रिल-मेमध्येही काम चालू ठेवणं आणि अहवाल लांबवणं. तिसरी वाट म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला वेळेत पत्र लिहून मुदत वाढवून मागणं. या तिसऱ्या वाटेला सामाजिक क्षेत्रात सगळेच ‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन’ म्हणतात. मंजूर रक्कम तेवढीच राहते, फक्त शेवटची तारीख पुढे सरकते.

ऐकायला हे सोपं वाटतं आणि म्हणूनच बहुतेक अर्ज दोन परिच्छेदांत उरकले जातात. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे काम लांबलं, शिल्लक रक्कम खर्च करण्यासाठी सहा महिने मुदतवाढ मिळावी’, एवढंच त्यात असतं. या वाक्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यात दिलेलं कारण. पैसे उरले आहेत, हे मुदतवाढीचं कारण होऊ शकत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदान-नियमांमध्ये बऱ्याच अनुदानांसाठी संस्थेला एकदा, जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंत, स्वतःहून मुदत वाढवून घेता येते. पण त्याच नियमात बजावलं आहे की, निव्वळ उरलेली रक्कम वापरण्यासाठी ही सवलत घ्यायची नाही. आपल्याकडचे फंडर हे इतक्या स्पष्ट शब्दांत लिहीत नसले तरी अर्ज वाचताना त्यांच्या मनात हाच विचार असतो. कबूल केलेलं कोणतं काम बाकी आहे, ते नेमकं कशामुळे अडलं आणि आता अडथळा दूर झाला आहे का, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. पैशाची गोष्ट त्यानंतर येते.

समजा, माणदेशातल्या एका संस्थेला भारतातल्याच एका खासगी न्यासाकडून दोन वर्षांसाठी ६० लाख रुपये मंजूर झाले आहेत. हे उदाहरण केवळ समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी या कामात असणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. मुदत १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. जुने, गळके झालेले दहा सिमेंट नाला बंधारे दुरुस्त करायचे, त्यांच्या मागचा गाळ काढायचा, गावोगावी पाणी वापर गट उभे करायचे आणि शेवटी ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजून फरक पडला का ते दाखवायचं, असा करार आहे. बंधाऱ्यांसाठी २८ लाख, मातीकामासाठी ८ लाख, प्रशिक्षण आणि बैठकांसाठी ४ लाख, तिघा कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी १४ लाख ४० हजार आणि प्रवास, कार्यालय, लेखापरीक्षण यांसाठी ५ लाख ६० हजार अशी रकमेची विभागणी आहे.

पहिल्या वर्षी सहा बंधारे झाले. उरलेले चार मुळात जिल्हा परिषदेने बांधलेले होते, म्हणून त्यांना हात लावण्याआधी ना-हरकत पत्र लागणार होतं. संस्थेने त्यासाठीचा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये दिला. १६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागू झाली. ती ६ जूनला उठली तेव्हा पाऊस दारात होता आणि नाल्यात पाणी असताना पायाचं काम निघत नाही. पाऊस ओसरला, तोच १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली. निकाल लागले २३ नोव्हेंबरला. ना-हरकत पत्र हाती पडलं डिसेंबरमध्ये.

आता हे कारण अर्जात कसं मांडायचं? ‘निवडणुकांमुळे विलंब झाला’ असं लिहिलं तर वाचणारा प्रोग्राम ऑफिसर लगेच म्हणेल की निवडणूक होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याचं म्हणणं बरोबरच असेल. म्हणून तारखा द्याव्यात आणि आपल्या हातातलं काय चुकलं तेही लिहावं. पत्राचा अर्ज जानेवारीऐवजी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला असता तर कदाचित काम अडलं नसतं, हे संस्थेने स्वतः सांगितलं तर बाकीच्या कारणांवर विश्वास बसतो. सोबत अर्जाची पोच आणि मिळालेल्या ना-हरकत पत्राची प्रत जोडावी. त्या दोन कागदांमधलं अंतर विलंबाचा पुरावा असतो आणि दुसरा कागद अडथळा संपल्याचा पुरावा असतो. माझ्या मते अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हा दुसराच. अडथळा अजून उभा असेल तर मुदत वाढवूनही पुढच्या जानेवारीत पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल, हे देणाऱ्याला कळतं.

यानंतर शिल्लक रकमेचा हिशेब. इथे चांगल्या संस्थाही गडबडतात, कारण ‘शिल्लक’ या एका शब्दाखाली तीन वेगळे आकडे असतात. आपल्या उदाहरणात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत ४२ लाख रुपये खर्च झाले आहेत. मंजूर रक्कम ६० लाख, म्हणजे मंजुरीतले १८ लाख शिल्लक. पण न्यासाने आतापर्यंत ५४ लाखच दिले आहेत, शेवटचा ६ लाखांचा हप्ता अंतिम अहवालानंतर मिळणार आहे. म्हणजे प्रत्यक्ष मिळालेल्या पैशांतले १२ लाख शिल्लक. आणि बँकेचं पासबुक पाहिलं तर तिथे ११ लाख ८२ हजार दिसतात. कारण बचत खात्यावर ६२ हजार रुपये व्याज जमा झालं आहे, तर गवंडी ठेकेदाराला ८० हजार रुपये आगाऊ दिलेले आहेत. ती उचल अजून खर्च नाही, तिचं काम व्हायचं आहे.

अर्जात हे तिन्ही आकडे द्यायचे आणि एकातून दुसरा कसा निघतो ते दोन ओळींत दाखवायचं. एकच आकडा दिला आणि तो बँकेच्या विवरणाशी जुळला नाही, तर देणाऱ्याचा लेखा विभाग अर्ज बाजूला ठेवतो आणि खुलासा मागतो. त्यात तीन-चार आठवडे सहज जातात. उचल दिलेली रक्कम खर्चात धरणं ही तर नेहमीची खोड आहे. तशाने शिल्लक कमी दिसते, पण लेखापरीक्षकाला बिल सापडत नाही आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतली जाते.

पण देणाऱ्याला खरी गरज असते ती ३१ मार्चच्या आकड्याची, कारण मुदतवाढ सुरू होणार १ एप्रिलला. म्हणून जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत काय खर्च होईल याचा अंदाज जोडावा लागतो. आपली संस्था म्हणते की मार्चअखेर एक बंधारा पुरा होईल, मानधन आणि बाकीचा चालू खर्च होईल, असे मिळून ६ लाख लागतील. म्हणजे ३१ मार्चला एकूण खर्च ४८ लाख आणि मंजुरीतले १२ लाख शिल्लक. त्यातले निम्मे हातात, निम्मे अजून यायचे. शीर्षवार पाहिलं तर तीन बंधाऱ्यांचे ८ लाख ४० हजार, मातीकामाचे २ लाख ६० हजार, प्रशिक्षणाचे ६० हजार, कार्यालयीन खर्चाचे ४० हजार. आणि मानधन? शून्य.

काम अडलेलं असतानाही माणसं कामावर होतीच. ती पाणी वापर गटांच्या बैठका घेत होती, कार्यालयांत खेपा घालत होती, आणि त्यांचा पगार दर महिन्याला ठरल्याप्रमाणे निघत होता. त्यामुळे चोवीस महिन्यांत चोवीस महिन्यांचं मानधन संपलं. बांधकामाचे पैसे शिल्लक आहेत, पण ते बांधकाम करून घेणाऱ्या माणसांचे पैसे संपले आहेत. जवळजवळ प्रत्येक मुदतवाढीत हाच पेच असतो, आणि बहुतेक अर्ज त्याविषयी गप्प बसतात. वेळ फुकट मिळत नाही. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे देणाऱ्याला जादा खर्च नाही, एवढंच. संस्थेला प्रत्येक वाढीव महिन्याचं भाडं, वीज, पेट्रोल आणि पगार कुठून तरी द्यावेच लागतात. ते कुठून येणार याचं उत्तर अर्जात नसेल तर काम पुरं होणार नाही हे अनुभवी प्रोग्राम ऑफिसर लगेच ओळखतो.

मग किती महिने मागायचे, हा प्रश्न वेळेचा राहत नाही, पैशाचाही होतो. आपल्या संस्थेचा पहिला विचार दोन महिन्यांचा होता. एका बंधाऱ्याला क्युरिंग धरून साधारण पाच आठवडे लागतात. गवंड्यांच्या दोन तुकड्या लावल्या तर उरलेले तीन बंधारे एप्रिल-मेमध्ये उरकतात. तीन तुकड्या लावून आणखी घाई करता येईल का? उन्हाळ्यात माणदेशात काँक्रीटवर मारायला पाणीच टँकरने आणावं लागतं. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी टँकर पुरवणं जमलं नाही आणि क्युरिंग कमी पडलं तर दुरुस्त केलेला बंधारा पहिल्याच पुरात पुन्हा गळू लागेल. म्हणून दोनच तुकड्या, आणि बांधकामाची अखेर ३१ मे.

पण करार फक्त बंधारे बांधण्याचा नव्हता. विहिरींची पातळी मोजून फरक दाखवायचाही होता, आणि तो फरक दिसायला मध्ये एक पावसाळा जावाच लागतो. या भागात परतीच्या पावसाचा वाटा मोठा असतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे येतं त्यावरच विहिरी भरतात. मे महिन्यात एक मोजणी आणि ऑक्टोबरअखेर दुसरी, असं केलं तरच तुलना अर्थपूर्ण होते. नोव्हेंबरमध्ये नोंदी तपासून गावांत मांडायच्या, डिसेंबरमध्ये लेखापरीक्षण आणि अंतिम अहवाल. या हिशेबाने मुदतवाढ नऊ महिन्यांची होते, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत.

सुधारित वेळापत्रक असं कामाच्या क्रमातून आणि ऋतूंतून निघायला हवं. ‘सुरक्षित म्हणून’ बारा महिने मागणाऱ्या अर्जात शेवटच्या तीन महिन्यांसमोर लिहायला काही सापडत नाही, आणि तिथेच तो अर्ज उघडा पडतो. उलट संकोचाने दोनच महिने मागितले तर जूनमध्ये दुसरी मुदतवाढ मागावी लागते. पहिल्या अर्जाला देणारे सहसा समजून घेतात. दुसऱ्या अर्जाला मात्र आधीच्या वेळापत्रकाचा जाब द्यावा लागतो. वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यापुढे तो पुरा झाल्याची खूण लिहावी. बंधाऱ्यासमोर मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि फोटो, मोजणीसमोर विहिरींचा तक्ता, बैठकीसमोर ठरावाची प्रत. ‘जनजागृती सुरू राहील’ यासारखं वाक्य कोणत्याच महिन्यापुढे लिहू नये, कारण ते पुरं झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

आता नऊ महिन्यांच्या माणसांचा खर्च. तिघांचं मिळून मानधन महिन्याला ६० हजार होतं. समन्वयकाला ३२ हजार आणि दोन कार्यकर्त्यांना प्रत्येकी १४ हजार. तिघांनाही नऊ महिने ठेवायचं तर ५ लाख ४० हजार लागतील, आणि एवढे पैसे कुठेच नाहीत. म्हणून संस्थेने काम पाहून माणसं ठरवली. एप्रिल ते जून बांधकामावर देखरेख आहे, तेव्हा समन्वयक आणि एक कार्यकर्ता, म्हणजे १ लाख ३८ हजार. जुलै ते डिसेंबर मोजणी आणि बैठकांसाठी एकटा कार्यकर्ता, ८४ हजार. अहवाल लिहिण्याचा समन्वयकाचा वेळ संस्था आपल्या पदरचा घालणार. एकूण गरज २ लाख २२ हजार.

हे पैसे येतात दोन ठिकाणांहून. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने, स्वतःच्या खर्चाने शेतात नेला, त्यामुळे मातीकामाच्या २ लाख ६० हजारांपैकी १ लाखातच उरलेलं काम होईल. तिथे १ लाख ६० हजार वाचतात. आणि वर ६२ हजार व्याज आहे. दोन्ही मिळून बरोबर २ लाख २२ हजार होतात.

पण या दोन्हींना परवानगी लागते, आणि ती मुदतवाढीत आपोआप येत नाही. बऱ्याच करारांत एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात दहा टक्क्यांपर्यंत रक्कम वळवायला मोकळीक असते, त्यापुढे लेखी संमती लागते. इथे ८ लाखांच्या शीर्षातून १ लाख ६० हजार, म्हणजे वीस टक्के, वळवायचे आहेत. व्याज कुणाचं, तेही करारात पाहावं लागतं. म्हणून एका पत्रात तीन मागण्या स्पष्टपणे वेगळ्या लिहायच्या. तारीख, शीर्षबदल आणि व्याजाचा वापर. फक्त तारखेची मंजुरी आली आणि संस्थेने बाकीचं गृहीत धरलं, तर वर्षअखेरीस लेखापरीक्षणात ते २ लाख २२ हजार अमान्य खर्च म्हणून परत मागितले जाऊ शकतात.

आणि एक चौथी मागणीही आहे, जी फार थोड्यांना आठवते. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत बंधारे, मातीकाम आणि मानधन मिळून १० लाख ७८ हजार लागणार आहेत. १ एप्रिलला संस्थेच्या हातात व्याजासकट असतील ६ लाख ६२ हजार. शेवटचे ६ लाख मात्र मूळ करारानुसार अंतिम अहवालानंतर, म्हणजे आता २०२६ च्या सुरुवातीला मिळणार. मधल्या काळात ४ लाख १६ हजारांची तूट पडते. मंजुरी मिळूनही मे महिन्यात सिमेंटचं बिल भागत नाही म्हणून काम थांबतं, ते याच कारणाने. त्यामुळे शेवटच्या हप्त्यापैकी ४ लाख ५० हजार एप्रिलमध्ये द्यावेत आणि १ लाख ५० हजार अंतिम अहवालावर राखून ठेवावेत, अशी विनंती त्याच पत्रात करायची. देणाऱ्याच्या हातात काहीतरी राहतं, आणि संस्थेचं काम चालतं.

पत्र लांबलचक असायची गरज नाही. तक्ते सोबत जोडायचे, पत्रात फक्त सार लिहायचं. आपल्या संस्थेचं पत्र साधारण असं होईल:

‘महोदया, आपल्या न्यासाच्या सहकार्याने सुरू असलेल्या बंधारे दुरुस्ती प्रकल्पाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपत आहे. दहापैकी सहा बंधारे पूर्ण झाले असून सातवा मार्चअखेर पूर्ण होईल. उरलेल्या तीन बंधाऱ्यांचे ना-हरकत पत्र आम्हाला डिसेंबर २०२४ मध्ये मिळाले. त्यासाठीचा अर्ज आम्ही जानेवारी २०२४ मध्ये दिला होता. तो आधी द्यायला हवा होता, हे आम्ही मान्य करतो. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. प्रकल्पाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी. मातीकामात वाचलेले १,६०,००० रुपये आणि जमा व्याजाचे ६२,००० रुपये वाढीव काळातील मानधनासाठी वापरण्यास अनुमती द्यावी. अखेरच्या ६,००,००० रुपयांच्या हप्त्यापैकी ४,५०,००० रुपये एप्रिल २०२५ मध्ये द्यावेत. मंजूर रकमेत कोणतीही वाढ मागत नाही. मुदतवाढ मिळाली नाही तर तीन बंधारे अपूर्ण राहतील, आणि ३१ मार्चला हाती असलेली अखर्चित रक्कम आम्ही करारानुसार परत करू.’

शेवटचं वाक्य अनेकांना लिहवत नाही. पण ते लिहावं. नकार आला तर काय होईल हे संस्थेने विचारात घेतलं आहे, आणि पैसा आपला नाही याची तिला जाणीव आहे, हे त्यातून दिसतं.

हे सगळं खासगी न्यासाच्या बाबतीत झालं. तिथे निर्णय विश्वस्तांच्या हातात असतो. पैसा दुसऱ्या वाटेने आलेला असेल तर समोरचा माणूस कितीही अनुकूल असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा निधी हे याचं ठळक उदाहरण. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमात आणि २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत या पैशाला वेळेची कुंपणं घातलेली आहेत. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता दिली असेल, तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं तो चालवता येतो. त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत एका वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते. तशी मान्यता नसेल, तर शिल्लक रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सांगितलेल्या निधीत जाते, आणि संस्थेच्या हातून कायमची सुटते.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या लक्षात येत नाही. कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं सरकार मानत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजेत. म्हणून सीएसआर विभागातल्या व्यक्तीला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ‘आमच्याकडे १२ लाख शिल्लक आहेत’ असं कळवणं म्हणजे तिला ऐन वेळी संकटात टाकणं आहे. संचालक मंडळाची बैठक होऊन गेलेली असते. अशा निधीसाठी शिल्लक राहण्याची चिन्हं डिसेंबरमध्येच कळवावीत, आणि पहिला प्रश्न विचारावा तो हाच की आमचा प्रकल्प मंडळाच्या ठरावात चालू प्रकल्प म्हणून नोंदलेला आहे का.

सरकारी अनुदानात वर सांगितलेली व्याजाची युक्ती चालत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार अनुदानावरचं व्याज सरकारजमा करायचं असतं, आणि अखर्चित रक्कम ठरलेल्या नमुन्यातल्या विनियोग प्रमाणपत्रात दाखवावी लागते. परदेशी देणगीच्या बाबतीत देणारा मुदत वाढवून देईलही, पण परदेशी योगदान कायद्याखालची संस्थेची नोंदणी पाच वर्षांची असते. वाढीव काळात तिची मुदत संपत असेल तर आधी नूतनीकरणाचं पाहावं लागतं. आणि कोणत्याही वाटेने आलेला पैसा ३१ मार्चला शिल्लक राहिला की आयकराचा प्रश्न उभा राहतोच. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्या वर्षी कामी लावावा लागतो, किंवा तो पुढे नेण्यासाठी ठरलेला अर्ज मुदतीत भरावा लागतो. देणाऱ्याने दिलेली मुदतवाढ आयकर खात्याला बांधील नसते. मुदतवाढीचं पत्र पाठवायच्या आधी ते सीएला दाखवावं, ते यासाठी.

या सगळ्यापेक्षा पहिली वाट, म्हणजे मार्चमध्ये पैसे उडवणं, अनेकांना अजूनही सोपी वाटते. ठेकेदाराकडून तीन बंधाऱ्यांची बिलं आधीच घ्यायची, पैसे त्याच्या खात्यात टाकायचे आणि काम मेमध्ये करून घ्यायचं. हेतू वाईट नसतो, काम खरंच होतं. पण कागद बोलतात. बिल २८ मार्चचं आणि सिमेंटच्या पोचपावत्या मे महिन्याच्या, मोजमाप पुस्तिकेतली नोंदही मेचीच. फोटोवर तारीख असते, मजुरांच्या हजेरीपटावर तारीख असते. लेखापरीक्षकाला यातली एक विसंगती पुरते. ज्या संस्थेने बंधारा खरोखर बांधला, तिच्या नावावर खोट्या बिलाचा शेरा बसतो, आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. नऊ महिने मागून मिळाले असते, तिथे हे करणं मला अक्षम्य वाटतं.

तोंडी होकाराचंही तसंच. ‘काळजी करू नका, काम चालू ठेवा’ असं प्रोग्राम ऑफिसर फोनवर मनापासून म्हणतो. मग त्याची बदली होते, किंवा तो नोकरी सोडतो, आणि नव्या माणसासमोर फक्त मूळ करार असतो. त्यावर तारीख ३१ मार्चचीच असते. त्यानंतरचा प्रत्येक खर्च त्या कराराच्या बाहेरचा ठरतो. मंजुरी आली की त्यात नवी अखेरची तारीख, बदललेली शीर्षं, व्याजाचा वापर आणि हप्त्याचं नवं वेळापत्रक हे चारही मुद्दे आहेत का ते वाचून पाहावं. एखादा राहिला असेल तर आभाराच्या उत्तरातच तो विचारावा. मग त्याच तारखेप्रमाणे कार्यकर्त्यांची नेमणूकपत्रं आणि ठेकेदाराचे कार्यारंभ आदेश बदलून घ्यावेत.

तुमच्या संस्थेच्या एखाद्या अनुदानाची मुदत येत्या ३१ मार्चला संपत असेल, तर आजच करार काढून मुदतवाढीचं कलम वाचा. अर्ज किती दिवस आधी द्यायचा ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. डिसेंबरअखेरचे हिशेब जुळवून जानेवारीतच पत्र पाठवा, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत १ एप्रिलनंतरच्या कोणत्याही कामाच्या आदेशावर सही करू नका.